खालच्या मजल्यावर ऐकू येणारा व्यायाम

माझा उजवा गुडघा पहिल्यांदा बोलला तो नाटकाला. पहिला अंक त्याने गप्प बसून पाहिला. दुसऱ्या अंकात नायिका ट्रंकेतून जुनी पत्रं काढून वाचायला लागली, आणि माझ्या वाटीच्या मागे कुणीतरी हळूच अंगठा दाबतंय असं वाटू लागलं. पाय लांब केला तर पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. आखडून घेतला तर पुन्हा अंगठा. पत्रं बरीच होती. पडदा पडला तेव्हा लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले आणि मी पाय सरळ करायला.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. रविवारी जेवायला आली तेव्हा तिला हा प्रसंग सांगितला, तर ती हसली. "मामा, तुझ्या दुखण्याला आमच्या पुस्तकात नाव आहे. थिएटर साइन." गुडघा दुमडून बराच वेळ बसलं की वाटीच्या मागे दुखतं, त्याला असं म्हणतात. मला बरं वाटलं. आमच्या घराण्यात कुणाच्या दुखण्याला इतकं सुसंस्कृत नाव यापूर्वी मिळालेलं नव्हतं.

मग तिने मला चटईवर आडवं केलं, गुडघा वाकवला, सरळ केला, वाटी बोटांनी इकडे तिकडे सरकवून पाहिली. सूज येते का, चालताना गुडघा अचानक दगा देतो का, कधी अडकून बसतो का, असं विचारलं. यातलं काहीच नव्हतं. असतं तर तिने व्यायामाचं नावही काढलं नसतं, सरळ डॉक्टरांकडे धाडलं असतं. दुखायचं ते जिना उतरताना, उकिडवं बसून उठताना आणि नाटकात. "वाजतो मात्र खूप," मी म्हणालो. "वाजू दे. दुखत नसेल तर नुसत्या वाजण्याला घाबरू नकोस." तिच्या मते मांडीचे आणि नितंबांचे स्नायू आळसावले होते आणि सगळं ओझं वाटीवर आलं होतं. मांडी मजबूत कर, म्हणाली, आणि पुरणपोळीकडे वळली.

तिने कसं करायचं ते सांगण्याआधीच मी सोमवारी सोसायटीच्या जिममध्ये गेलो, ही चूक माझी. तिथला ट्रेनर पंचविशीतला, मनाने फार चांगला, आणि गुडघा नावाचा अवयव आपल्यालाही आहे हे अजून न समजलेला. "काका, मांडी बनवायचीय ना? लंजेस मारा." म्हणजे काय, तर ताठ उभं राहायचं, एक पाय पुढे लांब टाकायचा, दोन्ही गुडघे वाकवत खाली जायचं आणि पुढच्या पायाने जमीन ढकलून पुन्हा मूळ जागी यायचं. त्याने करून दाखवलं तेव्हा ते एखाद्या नृत्यासारखं दिसलं. मी केलं तेव्हा धप्प असा आवाज झाला.

जिममध्ये त्या आवाजाचं काही वाटलं नाही. पण मी उत्साही माणूस, घरीही करू लागलो. सकाळी साडेसहाला, बैठकीच्या खोलीत, एका पायाचे दहा, दुसऱ्या पायाचे दहा. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये अतिशय मृदू आवाजात विचारलं, "तुमच्याकडे सकाळी काही कुटायचं काम असतं का हो?" चौथ्या दिवशी मी जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरून, नवी नवरी उतरावी तसा एकेक पायरी उतरलो. भाचीला फोन केला.

"लंज कुठला केलास? पुढचा की मागचा?"

मला आजवर वाटत होतं की लंज एकच.

पुढच्या रविवारी ती आली आणि आमच्या घरात जो प्रयोग झाला तो मी जसा पाहिला तसा सांगतो. बाथरूमजवळ आमचा जुना काट्याचा वजनकाटा असतो, माझ्या वजनाबद्दल तो गेली वीस वर्षं एकच मत बाळगून आहे : बहात्तर किलो. तो तिने भिंतीला लागून ठेवला, म्हणजे सरकणार नाही. त्याच्या मागे, एका छोट्या पावलाच्या अंतरावर, दोन पाट एकावर एक ठेवले, उंची सारखी व्हावी म्हणून. मला पाटावर उभं केलं, एक हात दाराच्या चौकटीवर ठेवायला लावला आणि उजवा पाय पुढे काट्यावर टाकून थोडंसंच वाक म्हणाली. मी पाय टाकला. काटा शून्यावरून ताडकन उसळला, शंभरच्याही पुढे गेला, थरथरला, आणि मग पन्नासच्या आसपास येऊन डुलत राहिला.

"हा स्प्रिंगचा काटा थोडं चढवून सांगतो," ती म्हणाली, "पण उडी पाहिलीस ना?"

मग उलट. उजवा पाय आधीच काट्यावर, डावा पाटावर, आणि डावा उचलून मागे टाकायचा. आता काटा छत्तीसच्या आसपासहून निघाला, डावा पाय उचलला तसा सत्तरीपर्यंत चढला, आणि डाव्या पायाचा चवडा मागे जमिनीला टेकल्यावर शहाण्यासारखा खाली उतरला. उसळी नाही, थरथर नाही. एखाद्या म्हाताऱ्याने जिना चढावा तसा तो काटा चढला. (वाचकांनी हा प्रयोग घरी करू नये. आमच्या हिनेही तेच सांगितलं, पण तिला काळजी वजनकाट्याची होती.)

काट्याच्या त्या दोन चालींत दोन लंजांमधला निम्मा फरक आला. पुढे पाऊल टाकताना आपण खरं म्हणजे स्वतःला पुढे फेकतो. बहात्तर किलोचा ऐवज हवेतून पुढे आणि खाली निघालेला असतो, आणि त्याला अडवायला असतो तो एकटा पुढचा पाय. तोच अडवणार, तोच खाली नेणार आणि तळाशी गेल्यावर तोच जमीन ढकलून सगळा ऐवज आल्या वाटेने परत पाठवणार. ब्रेक, लिफ्ट आणि रिव्हर्स गिअर, तिन्ही कामं मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, आणि ते स्नायू ज्या वाटीवरून ओढतात तिच्यावर. मागे पाऊल टाकताना पुढचा पाय हललेलाच नसतो. तो आधीपासून जमिनीवर आहे, ओझं त्याच्यावर हळूहळू चढतं, शरीर जवळजवळ सरळ खाली जातं आणि सरळ वर येतं. थांबवायला काही सुटलेलंच नसतं.

लंज हा शब्द तलवारबाजीतून आलेला आहे. फ्रेंचमध्ये लांबवणं या अर्थाचं जे क्रियापद आहे त्याचा तो इंग्रजी अपभ्रंश. तलवारबाज हात लांबवतो, मागच्या पायाने जोर लावतो आणि पुढच्या पायावर झेपावतो, समोरच्याच्या छातीला टोक लागावं म्हणून. म्हणजे मूळची ती हल्ल्याची हालचाल. मी साडेसहा वाजता टीपॉयवर हल्ला करत होतो. टीपॉय सुखरूप होता आणि माझ्या वाटीला रोज मार बसत होता, यात आश्चर्य काय?

उरलेला निम्मा फरक कळायला केरसुणी लागली. म्हणजे लांब दांड्याचा झाडू. भाचीने तो माझ्या पुढच्या पायाच्या अंगठ्यासमोर उभा धरला. पुढचा लंज करताना माझा गुडघा झाडूच्या दांड्याला जाऊन टेकला, नव्हे, दांडा ढकलून पुढे गेला. मागचा लंज करताना दांड्याशी चार बोटं अंतर राहिलं. नडगी जवळजवळ उभीच राहिली.

"म्हणजे गुडघा बोटांच्या पुढे गेला की संपलं," मी म्हणालो. हे मी जिममधल्या आरशावर चिकटवलेल्या कागदावर वाचलं होतं.

"तसं असतं तर तुला जिना उतरताच आला नसता," ती म्हणाली. जिना उतरताना प्रत्येकाचा गुडघा बोटांच्या पुढे जातो, उकिडवं बसताना जातो, कबड्डीतल्या चढाईत तर जातोच. निरोगी गुडघ्याला ते पाप नाही. पण दुखऱ्या वाटीला ते किती वेळा, किती खोल आणि किती जोरात, याचा हिशेब लागतो.

हिशेब तिने मला विहिरीवरून समजावला. तिच्या आजोळी विहीर होती, म्हणजे माझ्याच घरी, त्यामुळे ते लगेच पटलं. गुडघ्याची वाटी म्हणजे विहिरीवरची कप्पी. मांडीचा पुढचा स्नायू हा दोर. तो वाटीवरून खाली येतो आणि नडगीच्या हाडाला बांधलेला असतो. पाय सरळ असताना दोर जवळजवळ सरळ असतो, कप्पीवर फारसा दाब नसतो. गुडघा वाकत जातो तसा दोर कप्पीवरून दुमडत जातो, आणि तितकीच बादली ओढायची असली तरी कप्पी तिच्या बैठकीवर जास्त जोरात दाबली जाते. शिवाय जमिनीतून वर येणाऱ्या भाराच्या रेषेपासून गुडघा जितका पुढे सरकतो तितकी बादली जड होते. म्हणजे गुडघा खोल वाकलेला आणि पुढे गेलेला, असं दोन्ही झालं की दोर ताणला जातो, कप्पी दाबली जाते आणि माणूस नाटक सोडून पाय लांब करतो.

मागच्या लंजात नडगी उभी राहते, कंबर मागे जाते, आणि बादली ओढायला नितंबाचे मोठे स्नायू आणि मांडीच्या मागचे स्नायू पुढे येतात. ते दोर वाटीवरून नेत नाहीत. एरवी दिवसभर आपण त्यांच्यावर नुसते बसून असतो.

मला यातून घाईने एक सिद्धांत सुचला, तो मी बोलूनही दाखवला : मग पुढचंच पाऊल टाकायचं, पण अगदी छोटं टाकायचं. दुखऱ्या माणसाला छोटं पाऊल नेहमी सुरक्षित वाटतं. पावसात शेवाळावर आपण छोटी पावलं टाकतोच की. भाचीने मान हलवली. गुडघ्याच्या बाबतीत हे उलटं आहे. पाऊल छोटं टाकलं की खाली जायला शरीराला मागे जागा उरत नाही, टाच उचलली जाते आणि गुडघाच पुढे पळतो. 2008 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी छोट्या आणि लांब पावलाचे पुढचे लंज मोजून पाहिले, तेव्हा वाटीमागचा दाब छोट्या पावलात जास्त निघाला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने धड ताठ ठेवून आणि धड किंचित पुढे झुकवून केलेले पुढचे लंज मोजले. धड झुकवलं की नितंबाचा आणि मांडीच्या मागच्या बाजूचा वाटा वाढत होता. म्हणजे मी आजवर दोन गोष्टी अभिमानाने करत होतो, छाती पुढे काढून ताठ राहणं आणि पाऊल आवरतं घेणं, आणि त्या दोन्ही वाटीच्या विरोधात होत्या. ताठ कण्याचं कौतुक मला शाळेपासून ऐकवलेलं आहे. लंजापुरतं ते मी सोडून दिलं.

आता नुसतं मागे पाऊल टाकलं की झालं, असंही नाही. मागचा लंज बिघडवण्याचे माझे स्वतःचे तीन प्रकार आहेत आणि तिन्ही मी पहिल्या आठवड्यात शोधून काढले.

पहिला, दोरीवरच्या डोंबाऱ्याचा. मागचा पाय टाकताना तो पुढच्या पायाच्या नेमक्या मागे टाकायचा, एका रेषेत. असं केलं की माणूस डुलतो, आणि तोल सावरायच्या धांदलीत पुढचा गुडघा आत, दुसऱ्या पायाच्या दिशेने कोसळतो. वाटीला हे मुळीच आवडत नाही. पाय रेल्वेच्या दोन रुळांवर ठेवल्यासारखे हवेत, कंबरेइतक्या अंतरावर, आणि मागे जाताना आपला रूळ सोडायचा नाही. पुढचा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने पाहत राहिला पाहिजे. आम्ही हे आमच्या फरशीच्या जोडांवर शिकलो. फरशीचा असा उपयोग होईल असं बिल्डरलाही वाटलं नसेल.

दुसरा प्रकार अनिच्छेचा. मागे दिसत नाही, म्हणून पाय जेमतेम वीतभर मागे जातो. मग मागचा लंज हा नावापुरता मागचा राहतो. पुढची टाच उचलते, गुडघा झाडूकडे धावतो, आणि आपण उलट्या रस्त्याने पुढच्याच लंजात येऊन पोहोचतो. ओळखायची खूण सोपी आहे : खाली गेल्यावर पुढच्या पायाची बोटं बुटात हलवून पाहायची. हलली तर ओझं टाचेवर आणि तळपायाच्या मध्यावर आहे. जमीन धरून बसली असतील तर पाऊल आणखी मागे जायला हवं.

तिसरा प्रकार चलाखीचा. वर येताना मागच्या पायाच्या चवड्याने जमिनीला लाथ मारून उसळायचं. त्याने गुडघ्याला इजा होत नाही, उलट सुरुवातीला थोडी मदतच होते, आणि भाचीने पहिले काही दिवस ती मला करू दिली. पण ज्या पायासाठी हे सगळं चाललंय तो पाय त्यात फुकटात सुटतो. नंतर तिने सांगितलं, पुढच्या टाचेने फरशी खाली ढकलतोय असं मनात धर आणि मागचा पाय नुसता बरोबर येऊ दे. तेव्हा मला नितंबाला स्नायू असतात हे पहिल्यांदा जाणवलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना पुन्हा जाणवलं. तिला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "तिथे दुखतंय? छान." वाटीभोवती दुखलं असतं तर चुकलं होतं.

आमचा कार्यक्रम असा होता. पहिले दोन आठवडे पाऊल टाकायचंच नाही. एक पाय पुढे, एक मागे असं ठाण मांडून उभं राहायचं, एक हात स्वयंपाकघराच्या ओट्यावर, आणि त्याच जागी खाली-वर. एका बाजूचे सहा, दुसऱ्या बाजूचे सहा, मिनिट-दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा तेवढेच. एक दिवसाआड. खोली मोजायला मागच्या गुडघ्याखाली तक्क्या आणि त्यावर उशी, असं दोन मजली बांधकाम. मागचा गुडघा उशीला शिवला की वर यायचं. यात अर्धंच खाली जाणं होतं, आणि दोर दुमडतो तो मुख्यतः खालच्या अर्ध्यात, म्हणून तिथे घाईने जायचं नव्हतं. खाली जाताना तीन अंक मोजायचे, वर येताना एक.

तिसऱ्या आठवड्यापासून मागे पाऊल. हात ओट्यावर तसाच. पाचव्या आठवड्यात उशी गेली, तक्क्या राहिला. दर दिवशी दुखण्याला शून्य ते दहात मार्क द्यायचे आणि ओट्यावरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचे. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळच्या मार्कांवर परत आलं पाहिजे. नाही आलं तर उशी परत. हा दुसऱ्या सकाळचा नियम मला फार आवडला, कारण गुडघा त्या क्षणी क्वचितच खरं बोलतो. व्यायामाच्या वेळी तो पाहुण्यांसमोरच्या मुलासारखा असतो. काय ते रात्री किंवा सकाळी सांगतो.

माझी पहिली सकाळ दोनची होती. चौथ्या आठवड्यात एकावर आलो. आणि सहाव्या आठवड्यात कॅलेंडरवर एका बुधवारी दूध एक लिटर आणि गुडघा पाच, अशी नोंद आहे. त्याची हकीकत अशी की मंगळवारी मी बागेत गेलो होतो. तिथे दोन तरुण चालत चालत पुढचे लंज मारत होते, एकामागून एक, बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला बरं वाटायला लागलं होतं. बरं वाटायला लागलेल्या माणसाइतका धोकादायक माणूस नाही. मी त्यांच्या मागे वीस पावलं गेलो. चालते लंज म्हणजे पुढचा लंज, आणि त्यात परत यायची सोयही नाही. प्रत्येक पाऊल नवा ब्रेक. त्यावेळी काहीही दुखलं नाही, मी त्या मुलांना हात केला आणि घरी आलो. पाच मार्क सकाळी मिळाले. उशी आठवडाभर परत आली.

मागचा लंज सगळ्यांच्याच सोयीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या मोठ्या भावाच्या पायाचा अंगठा वाकत नाही. मागे टाकलेल्या पायाचा चवडा जमिनीवर टेकून बोटं मुडपावी लागतात, ते त्याला जमतच नाही. त्याच्यासाठी ओटा धरून खुर्चीतून उठ-बस बरी. ज्याला चक्कर येते किंवा ज्याचा तोल डळमळतो, त्याने न पाहता मागे पाय टाकणं ही काही दयाळू कल्पना नाही. त्याने पाऊल न टाकता जागच्या जागी ठाण मांडलेलंच बरं. आणि मागच्या पायाचा गुडघाही दुखरा असेल तर तो जमिनीवर टेकवू नये, अधांतरीच थांबवावा.

या सगळ्यात मला आठवण येत राहिली ती आईची. देवळात दर्शन घेतल्यावर देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून ती हात जोडून, तोंड गाभाऱ्याकडे ठेवून मागे मागे यायची. उंबरठा जवळ आला की एक पाय मागे घेऊन, चवड्याने चाचपून, ठाम टेकला की मगच दुसरा. घाई नाही, आवाज नाही. ऐंशीव्या वर्षीही ती बिनतक्रार जिना उतरायची. तिच्या गुडघ्यांचं श्रेय मी देवदर्शनाला देत नाही, ती पाट्यावर वाटायची, जमिनीवर बसून जेवायची आणि विहिरीचं पाणी ओढायची. पण मागे पाऊल कसं टाकावं हे मी भाचीकडून शिकण्याआधी चाळीस वर्षं पाहत होतो, हे खरं.

पुढच्या लंजाला मी कायमचा रामराम ठोकलेला नाही. भाची म्हणते, जिना उतरणं, बसमधून उतरणं, रिक्षा चुकवून फुटपाथवरून खाली येणं, हे सगळे ब्रेकच आहेत, आणि ब्रेकची सवय कधीतरी पायाला लावावीच लागते. तीन महिन्यांनी, सकाळचे मार्क शून्य-एकवर टिकायला लागल्यावर, तिने मला पुढचं पाऊल टाकू दिलं. लांब पाऊल, धड किंचित झुकलेलं, अर्धंच खाली, एका बाजूला चारच. आणि एक अट : पाय टेकताना आवाज आला तर तो लंज मोजायचा नाही. मांजर उतरतं तसं उतरायचं. पहिल्या दिवशी मी आठ केले, त्यातले तीन मोजले गेले.

परवा लिफ्टमध्ये खालच्या काकू भेटल्या. माझ्याकडे थोडं काळजीने पाहत म्हणाल्या, "तुमचं सकाळचं कुटणं अगदीच बंद झालं हो. बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे," मी म्हणालो. "आता मागे मागे करतो."

काकूंनी लिफ्टमधला तळमजल्याचा आकडा फार लक्षपूर्वक पाहायला सुरुवात केली.